मिक्सर घेताय? फक्त वॅट पाहून ठरवू नका

खरेदीच्या कुठल्याही अ‍ॅपवर 'मिक्सर ग्राइंडर' असं शोधलं की काही क्षणांत शेकडो पर्याय समोर येतात. ५०० वॅट, ७५० वॅट, १००० वॅट. तीन जार, चार जार, सोबत ज्यूसर. फोटोत लालभडक टोमॅटो आणि बर्फाचे खडे उडत असतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'हळदही सहज दळा.' किमतीत दोन-तीन हजारांचा फरक असतो, पण तो कशासाठी आहे हे मात्र कळत नाही. मग बहुतेक जण सोपा मार्ग धरतात. जास्त वॅट म्हणजे चांगला मिक्सर असं समजून बजेटमध्ये बसेल तेवढे वॅट घेतात.

घरी आल्यावर मात्र वेगळंच घडतं. १००० वॅटच्या मिक्सरमध्ये चार मिरच्या आणि लसूण वाटायला घातली तर ती जारच्या भिंतीला चिकटून बसते. ५०० वॅटच्या मिक्सरमध्ये इडलीचं पीठ वाटायला घेतलं तर तो मधेच बंद पडतो. दोन्ही वेळा यंत्र बिघडलेलं नसतं. काम, जार आणि प्रमाण यांचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ कसा बसवायचा, हे जाहिरातीतल्या चार-पाच ओळी नीट वाचल्या तर खरेदीआधीच समजू शकतं.

वॅट म्हणजे नेमकं काय?

वॅट हा आकडा मोटर किती वीज घेते ते सांगतो. भार पडल्यावर मोटर किती जोर लावू शकेल याचा त्यावरून अंदाज येतो. पण वाटण किती बारीक होईल हे त्यावरून कळत नाही. ते जारचा आकार, पात्याची उंची आणि पाण्याचं प्रमाण यांवर ठरतं.

रोजच्या भाषेत सांगायचं तर ५०० वॅटचा मिक्सर चटणी, दाण्याचा कूट, टोमॅटोची प्युरी, लस्सी आणि दोघा-तिघांपुरतं ओलं वाटण ही कामं व्यवस्थित करतो. ७५० वॅटचा मिक्सर याशिवाय चौघांपुरतं इडली-डोशाचं पीठ, सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि भाजलेला मसाला पेलतो. १००० वॅटचा उपयोग एकत्र कुटुंबात, जिथे एका वेळी मोठा जार भरून आणि अनेक घाणे वाटायचे असतात, तिथे होतो. घरात दोनच माणसं असतील तर हा जादा जोर बहुतेक वेळा वापरलाच जात नाही.

विजेच्या बिलाची काळजी इथे फारशी करू नका. ७५० वॅटचा मिक्सर पूर्ण भाराने सलग तासभर चालला तरच पाऊण युनिट वीज जाते. रोजचं काम पाच मिनिटांचं धरलं तर महिनाभरात दोन युनिटही होत नाहीत.

वॅटच्या शेजारी अनेकदा 'आरपीएम' म्हणजे मिनिटाला फेरे असा आकडा असतो. १८,००० किंवा २०,००० हा आकडा मोठा वाटतो, पण तो बहुधा रिकाम्या जारचा असतो. जारमध्ये भिजवलेले तांदूळ पडले की वेग खाली येतो. म्हणून दोन मिक्सरची तुलना या आकड्यावरून करण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा आणखी एक ओळ शोधा. 'मोटर रेटिंग ३० मिनिटे' असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. याचा अर्थ सलग अर्धा तास चालवा असा नाही. माहितीपुस्तिकेत त्याची फोड दिलेली असते. साधारणपणे पाच मिनिटं चालवायचा, दोन मिनिटं थांबवायचा, अशा सहा फेऱ्या. काही मॉडेलमध्ये कोरड्या वाटणासाठी ही वेळ आणखी कमी असते. मिक्सरची मोटर छोटी आणि प्रचंड वेगाने फिरणारी असते, त्यामुळे ती लवकर तापते. विश्रांतीची ही दोन मिनिटं तिच्या आयुष्यासाठी वॅटच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहेत.

'१०० टक्के कॉपर वाइंडिंग' ही ओळ असेल तर चांगलं. तांब्यातून वीज अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सहज वाहते, म्हणून त्याच जाडीची तार कमी तापते. आयएसआय चिन्हही पाहा. घरगुती मिक्सरसाठी आयएस ४२५० हे भारतीय मानक आहे. फोटोंमध्ये मिक्सरच्या तळाची पट्टी दाखवली असेल तर ती मोठी करून वाचा. जाहिरातीच्या मथळ्यापेक्षा त्या पट्टीवरचे वॅट अधिक विश्वासाचे.

तीन जार, तीन कामं

आपल्याकडचा मिक्सर हा परदेशी ब्लेंडरपेक्षा वेगळा का, याचं उत्तर या जारमध्ये आहे. १९६०च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांनी 'सुमीत' मिक्सर बाजारात आणला, तेव्हा घरोघरी आलेली परदेशी यंत्रं मऊ फळं आणि दूध घुसळण्यासाठी बनवलेली होती. सुकं खोबरं, धणे आणि भिजवलेली डाळ त्यांना झेपत नसे. जड कामाची मोटर आणि स्टीलचे जार ही आपल्या स्वयंपाकघराची गरज होती, आणि आजही मिक्सरचा सांगाडा तोच आहे.

मोठा जार साधारण दीड लिटरचा असतो. तो पातळ आणि भरपूर ओल्या वाटणासाठी. याच्या पात्याला अनेक पाकळ्या असतात, काही वर वळलेल्या तर काही खाली. त्यामुळे जिन्नस वरखाली फिरत राहतात. जारच्या आतल्या बाजूला उभे उंचवटे दिसतात, ती नक्षी नव्हे. पीठ नुसतं गोल फिरत राहू नये, भिंतीला आपटून परत पात्याकडे यावं, यासाठी ते असतात. खरेदी करताना आतून काढलेला फोटो मिळाला तर हे उंचवटे आहेत का ते पाहा.

मधला जार साधारण एक लिटरचा असतो. तो सुक्या आणि घट्ट वाटणासाठी. याचं पातं सहसा कमी पाकळ्यांचं, जाड आणि तळाच्या जवळ असतं, म्हणजे खाली बसलेले दाणे सुटून जात नाहीत. दाण्याचा कूट, भाजलेले धणे-जिरे, सुकं खोबरं, साखर हे सगळं याच जारमध्ये.

छोटा चटणी जार ३०० ते ५०० मिलिलिटरचा असतो. घरात सर्वाधिक वापर याचाच होतो आणि खरेदी करताना सर्वांत कमी लक्षही याच्याकडेच जातं. याचा तळ जितका अरुंद, तितकं थोडं वाटणही पात्याला लागतं.

इथे एक मोठा गैरसमज होतो. जारवर लिहिलेलं माप बहुतेक वेळा काठोकाठ भरल्यावरचं असतं. प्रत्यक्षात ओलं वाटण दोन तृतीयांशापर्यंत आणि सुकं निम्म्यापर्यंतच भरायचं असतं. म्हणजे दीड लिटरच्या जारमध्ये एका वेळी एक लिटरच पीठ मावतं. दुसरीकडे खालचीही मर्यादा असते. पातं झाकलं जाईल इतके जिन्नस नसतील तर ते उडून भिंतीला चिकटतात. तेव्हा कितीही वॅट असले तरी उपयोग नसतो. चार मिरच्यांचा ठेचा करायचा तर खलबत्ताच बरा.

जारची संख्या वाढली म्हणजे सोय वाढलीच असं नाही. दोन लिटरचा चौथा जार बहुतेक घरांत कपाटात पडून राहतो. त्यापेक्षा जाड पत्र्याचे, घट्ट झाकणाचे आणि मजबूत मुठीचे तीन जार चांगले. पारदर्शक झाकण असेल तर मधे न उघडता आतलं दिसतं. मात्र ते झाकण गरम वाटणाने तडकू शकतं.

एक उदाहरण घेऊ : रविवारची इडली

आता ७५० वॅटचा मिक्सर आणि चौघांचं घर असं धरून चालू. घरातलं सर्वांत जड काम म्हणजे इडलीचं पीठ. २०० मिलिलिटरच्या वाटीने दोन वाट्या इडलीचा तांदूळ, अर्धी वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथी घ्या. यात साधारण वीस ते चोवीस इडल्या होतात. डाळ-मेथी आणि तांदूळ वेगवेगळे चार-पाच तास भिजवा.

आधी डाळ वाटा. ती फुगून वाटीभर होते, म्हणून दीड लिटरच्या जारमध्ये पातं झाकण्यापुरतीच असते. जार मोठा वाटत असेल तर ती मधल्या जारमध्ये घाला. पाव वाटी थंडगार पाणी घालून एकच्या वेगावर सुरू करा. अर्ध्या मिनिटानंतर दोनवर न्या. मिनिटभराने थांबवा, कडेचं पीठ खाली ओढा, आणखी थोडं पाणी घालून पुन्हा मिनिटभर फिरवा. डाळीला एकूण अर्धी ते पाऊण वाटी पाणी लागतं. पीठ हलकं आणि गुळगुळीत झालं की काढा. त्याचा थेंब वाटीतल्या पाण्यावर टाकला आणि तो तरंगला की डाळ जमली.

थंड पाण्याचं कारण असं. मिक्सरचं पातं दगडी वेट ग्राइंडरपेक्षा कितीतरी वेगाने फिरतं आणि घर्षणाने पीठ तापतं. पीठ कोमट झालं तर डाळ नीट फुलत नाही आणि पुढे आंबण्याचंही गणित बिघडतं. म्हणून मधेच थांबून पिठात बोट बुडवून पाहा. पण त्याआधी बटण बंद करा आणि जार मोटरवरून उतरवा. पीठ कोमट लागलं तर पाच मिनिटं थांबा.

तांदूळ दोन घाण्यांत वाटा. सगळा एकदम घातला तर जार भरतो, वरचे दाणे पात्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि मोटर ताण घेते. प्रत्येक घाण्याला साधारण अर्धी वाटी पाणी आणि दीड ते दोन मिनिटं पुरतात. बारीक रव्यासारखं लागलं की थांबा, फार गुळगुळीत नको. प्रत्येक घाण्यानंतर दोन मिनिटांची विश्रांती द्या.

एकूण मोटर चालली सहा-सात मिनिटं, काम संपलं वीस मिनिटांत. ७५० वॅटच्या मिक्सरला हे काम आरामात जमतं. ५०० वॅटच्या मिक्सरमध्येही होईल, पण तांदळाचे तीन-चार घाणे करावे लागतील. १००० वॅटमध्ये फार तर एखादा घाणा वाचेल. फरक एवढाच आहे. पण तुमच्या घरी दर दोन दिवसांनी किलोभर तांदूळ वाटला जात असेल तर मिक्सरचे वॅट वाढवण्याऐवजी वेट ग्राइंडर घ्या. तो दगडाने हळूहळू वाटतो, पीठ तापत नाही आणि डाळ अधिक फुलते. तमिळनाडूतल्या कोइम्बतूरचा वेट ग्राइंडर इतका नावाजलेला आहे की त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

सुकं वाटण : थांबत थांबत

दाण्याचा कूट करताना मिक्सर सलग फिरवला तर अर्ध्या मिनिटात कुटाचा गोळा होतो. दाण्यात भरपूर तेल असतं. पात्याच्या उष्णतेने ते सुटतं आणि कूट चिकट होतो. म्हणून दाणे पूर्ण गार झालेले हवेत, जार निम्म्याहून कमी भरलेला हवा आणि बटण उलट्या दिशेने फिरवून सेकंदभर धरायचं व सोडायचं, असं सहा-सात वेळा करायचं. या झटक्याला काही मिक्सरवर 'पल्स', काहींवर 'इंचर' असं लिहिलेलं असतं. तीळ, सुकं खोबरं, काजू-बदाम यांनाही हाच नियम.

कांदा-खोबऱ्याचं वाटण करताना क्रम महत्त्वाचा. भाजलेलं सुकं खोबरं आणि खडा मसाला आधी कोरडाच फिरवून घ्या. ते बारीक झाल्यावर परतलेला कांदा आणि पाणी घाला. सुरुवातीलाच सगळं एकत्र घातलं तर मऊ कांदा लगेच वाटला जातो, खोबऱ्याचे कण त्यात तरंगत राहतात आणि रस्सा खरखरीत लागतो. कांदा गार होऊ द्यायला विसरू नका. गरम वाटण बंद जारमध्ये फिरवलं की वाफ कोंडते, झाकण उडतं आणि हात-तोंड भाजतं. सूपसाठी शिजवलेल्या भाज्यांच्या बाबतीतही हीच काळजी घ्या.

आता जाहिरातीतल्या त्या हळदीबद्दल. सुकी अख्खी हळकुंडं दगडासारखी असतात. ती तशीच जारमध्ये टाकली तर पात्याची धार जाते, जारला पोचे पडतात आणि मोटरला झटके बसतात. आधी खलबत्त्यात फोडून, वाटाण्याएवढे तुकडे करून, निम्म्याहून कमी जार भरून, थांबत थांबत वाटली तर थोडीशी हळद घरी होते. तीही चाळून उरलेली भरड पुन्हा फिरवावी लागते. वर्षभराची हळद, तिखट किंवा गव्हाचं पीठ हे मात्र गिरणीचं काम आहे. बर्फ फोडायचा असेल तर माहितीपुस्तिकेत तशी परवानगी आहे का ते पाहा.

मिक्सर काय सांगतोय ते ऐका

मिक्सर अचानक बंद पडला तर घाबरू नका. तळाशी किंवा मागे एक छोटं, बहुधा लाल बटण असतं. ते ओव्हरलोडचं बटण. मोटरवर भार वाढला की ते सुटतं आणि वीज तोडतं. नॉब शून्यावर आणा, प्लग काढा, जारमधलं थोडं वाटण कमी करा, मोटर गार होऊ द्या आणि मग ते बटण दाबा. हे वारंवार होत असेल तर तुम्ही जार जास्त भरताय किंवा पाणी कमी घालताय. लगेच बटण दाबून पुन्हा तेच वाटत राहिलात तर मोटर जळू शकते.

नवा मिक्सर पहिल्या काही वेळा थोडा वास मारतो. मोटरच्या तारांवरचं वॉर्निश तापल्याचा तो वास असतो आणि पुढे जातो. पण जुन्या मिक्सरमधून जळका वास आला तर लगेच थांबवा.

मोटरचा आवाज येतोय पण पातं फिरत नाही, असं झालं तर मोटर नव्हे, कपलर पाहा. मोटर आणि जार यांना जोडणारी ती दातेरी चकती. तिचे दाते झिजले की ती नुसती फिरत राहते. तिचा भाग स्वस्तात बदलता येतो. जारच्या खालून काळपट पाणी ठिबकत असेल तर पात्याच्या दांड्याभोवतीचं वॉशर किंवा बुश झिजलं आहे असं समजा. असा जार वापरत राहिलात तर पाणी मोटरमध्ये उतरतं आणि छोट्या दुरुस्तीचा खर्च मोठा होतो.

खरेदीचं बटण दाबण्याआधी

वॉरंटीची ओळ शेवटपर्यंत वाचा. 'मोटरवर पाच वर्षं' असं ठळक लिहिलेलं असतं, पण संपूर्ण मिक्सरवर ती अनेकदा दोनच वर्षांची असते. कपलर, वॉशर, झाकण, पाती असे झिजणारे भाग सहसा त्यात धरत नाहीत. प्रत्यक्षात सर्वाधिक वेळा हेच बदलावे लागतात. म्हणून तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात त्या कंपनीचं सेवा केंद्र आहे का आणि जार-कपलर सुटे मिळतात का, हे आधी तपासा. गाव लहान असेल तर जवळच्या मिक्सर दुरुस्तीवाल्याला विचारा, कुठल्या कंपनीचे सुटे भाग लगेच मिळतात. पाचशे रुपयांच्या सवलतीपेक्षा हे उत्तर मोलाचं ठरतं.

ग्राहकांचे अभिप्राय वाचताना पहिल्या आठवड्यातली कौतुकं सोडून द्या. वर्षभर वापरलेल्यांचं म्हणणं शोधा. झाकण गळतं का, छोटा जार थोडं वाटण घेतो का, आवाज किती, हे तिथेच कळतं.

आणि सर्वांत आधी एका कागदावर तुमच्या घरात आठवडाभर काय काय वाटलं जातं ते लिहा. रोज चटणी, दोन दिवसाआड वाटण, रविवारी इडली, अशी यादी असेल तर ७५० वॅट, तीन जार आणि एक चांगला चटणी जार एवढं पुरेसं आहे. यादीत फक्त कूट, चटणी आणि ताक असेल तर ५०० वॅट घ्या आणि वाचलेल्या पैशांत जादा चटणी जार घ्या. दहा-बारा माणसांचं घर असेल तरच १००० वॅटकडे वळा.